एक तारखेला अहवाल कुठे अडतो?

महिन्याच्या एक तारखेला सकाळी नऊपासून सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयातला संगणक विभागाचा फोन खाली ठेवायला उसंत मिळत नाही. प्रश्न एकच, विचारण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. ‘साहेब, रिपोर्ट अजून आला नाही?’ ‘रात्री काही बिघाड झाला का?’ ‘आमच्याच शाखेचा राहिलाय की सगळ्यांचाच?’ पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘मंथ-एंड आहे, होतंय.’ ते खोटं नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. दर महिन्याला तेच प्रश्न आणि तेच उत्तर, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. म्हणून हे प्रश्न एकदा नीट उलगडून पाहू.

सकाळचा अहवाल म्हणजे आदल्या दिवसाचा शाखेचा हिशेब. ठेवी किती, कर्जं किती, तिजोरीत आणि एटीएममध्ये रोकड किती, कुठल्या मुदत ठेवींची मुदत संपली, कोणाचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे वळता झाला नाही, कोणतं कर्ज थकबाकीत गेलं, हे सगळं त्यात असतं. शाखाधिकारी तो पाहूनच ठरवतो की आज रोकड मागवायची की पाठवायची आणि कोणत्या कर्जदाराला पहिला फोन करायचा. दहा वाजता काउंटर उघडतात आणि अहवाल पावणेदहाला आला, तर त्याचा वैताग समजण्यासारखा आहे.

समजुतीसाठी एक बँक कल्पून घेऊ. शाखा ३२, बचत खाती १ लाख २० हजार, कर्ज खाती १४ हजार, शिवाय मुदत ठेवी आणि पिग्मीची खाती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम नागरी सहकारी बँकेत शोभतील असे हे आकडे आहेत. पुढच्या वेळाही याच कल्पित बँकेच्या. खऱ्या बँकांत त्या कमीजास्त असतील, पण कामांचा क्रम बहुतेक असाच सापडेल.

नव्याने लागलेला क्लार्क सहसा पहिला प्रश्न विचारतो, ‘रात्री तर बँक बंद असते, मग संगणक करतो काय?’ शाखेचं शटर खाली आलं म्हणून बँकेचा दिवस संपत नाही. तो ‘डे-एंड’ झाल्यावर संपतो. आधी प्रत्येक शाखेने आपला दिवस बंद करायचा असतो: रोकड जुळली पाहिजे, कॅशियरची रक्कम तिजोरीत जमा झाली पाहिजे आणि एकाने केलेली प्रत्येक नोंद दुसऱ्याने पास केलेली असली पाहिजे. सगळ्या शाखा बंद झाल्या की माहितीची एक प्रत बाजूला काढून ठेवतात, म्हणजे पुढे काही बिघडलं तर मागे येता येतं. मग रात्रीची कामं सुरू होतात. प्रत्येक खात्याचं त्या दिवसाचं व्याज मोजलं जातं, मुदत संपलेल्या ठेवींचं नूतनीकरण होतं, ठरलेले हप्ते वळते होतात, थकबाकीची तपासणी होते. शेवटी सर्वसाधारण खतावणी जुळवून ट्रायल बॅलन्स निघतो आणि संगणकातली तारीख पुढे ढकलली जाते. त्यानंतर अहवाल.

आपल्या बँकेत साध्या दिवशी शेवटची शाखा साडेआठला बंद होते, नऊ वाजता माहितीची प्रत निघते, रात्रीची कामं साडेअकराला आटोपतात, बाराला तारीख बदलते आणि दीड वाजता अहवाल तयार असतो. तो मेलवर जातो मात्र सकाळी सातला, कारण मेलची वेळच तशी लावून ठेवलेली आहे. दीड ते सात हे साडेपाच तास कोणाच्या लक्षात येत नाहीत. उशिराचं निम्मं उत्तर त्यांतच आहे.

एखाद्या साध्या मंगळवारी रात्री एक काम अडकलं, तासभर गेला, तरी अहवाल अडीचला तयार होतो आणि सातला सगळ्यांच्या मेलवर असतो. शाखेत कोणाला काही कळतही नाही. महिनाअखेरीला हे साडेपाच तास कामातच संपतात. त्या रात्री तेवढाच तासभर गेला की तो थेट शाखाधिकाऱ्याच्या घड्याळात दिसतो. ‘मंथ-एंडलाच कसं दर वेळी बिघडतं?’ असं शाखा विचारतात. इतर रात्रीही बिघडत असतं, ते पोटात घालायला तेव्हा मोकळी वेळ असते, इतकाच फरक.

आता ३० जूनची रात्र घेऊ. ही महिनाअखेर तर आहेच, शिवाय तिमाहीअखेरही आहे.

पहिला उशीर संगणकात होत नाही, शाखेत होतो. महिनाअखेरीला साखर कारखाना, सूतगिरणी, नगरपालिका यांच्या पगाराच्या याद्या येतात आणि त्या बऱ्याचदा दुपारनंतर येतात. यादीत चार खाते क्रमांक चुकलेले असले की ती परत जाते आणि दुरुस्त होऊन सहाला पुन्हा येते. पिग्मी एजंटांचा महिना त्या दिवशी पुरा होतो. ज्या दुकानदाराने महिनाभर टाळाटाळ केली, त्याच्याकडेही एजंट शेवटच्या संध्याकाळी जातो, कारण त्याचं कमिशन गोळा केलेल्या रकमेवर ठरतं. त्याचं हातातलं यंत्र शाखेत येऊन माहिती उतरवेपर्यंत शाखा बंद करता येत नाही. बत्तीसपैकी एकतीस शाखा आठला बंद झाल्या आणि एक सव्वादहाला झाली, तर साऱ्या बँकेची रात्र सव्वादहाला सुरू होते. आपल्या शाखेने वेळेवर काम संपवूनही अहवाल उशिरा का, या तक्रारीचं कारण बऱ्याचदा अशी एखादी शाखा असते. कधी तर एकच व्हाउचर पास करायचं राहिलेलं असतं आणि पास करणारे साहेब गाडीवरून निम्म्या वाटेत पोचलेले असतात.

सव्वादहाला प्रत काढायला घेतली की ती अकरा वाजून पाच मिनिटांनी पूर्ण होते. पुढचं पहिलं मोठं काम म्हणजे कर्जांवरचं व्याज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २००२ पासून कर्जांवर दरमहा व्याज लावलं जातं, शेतीकर्जांचा हिशेब तेवढा वेगळा. रोज रात्री संगणक व्याज फक्त मोजून ठेवतो. महिनाअखेरीला ते प्रत्यक्ष खात्यात नावे पडतं, म्हणजे १४ हजार खात्यांत १४ हजार नवी नोंद होते, प्रत्येकीची जमेची बाजू बँकेच्या उत्पन्नात जाते आणि खात्याची शिल्लक बदलते. मोजणं हलकं आणि लिहिणं जड, एवढं इथे ध्यानात ठेवलं तरी पुरे. लिहिलेली प्रत्येक नोंद वीज गेली तरी टिकली पाहिजे, म्हणून ती डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री झाल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. याला सव्वा तास धरू. घड्याळात बारा वीस.

मग बचत खात्यांचं व्याज. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून त्या महिन्याचं व्याज देत. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर द्यायचं ठरलं. एका खात्यात १ ते १० जून दहा हजार रुपये होते आणि ११ ते ३० जून पंचवीस हजार. दर ३ टक्के धरू. जुन्या पद्धतीने दहा हजारांवर एका महिन्याचे २५ रुपये मिळाले असते. नव्या पद्धतीने १०,००० गुणिले १० दिवस म्हणजे एक लाख आणि २५,००० गुणिले २० दिवस म्हणजे पाच लाख, एकूण गुणाकार सहा लाख. त्यावर ३ टक्के म्हणजे १८ हजार, त्याला ३६५ ने भागलं की ४९ रुपये ३२ पैसे. खातेदाराला जवळपास दुप्पट मिळाले. संगणकाला मात्र महिन्याला एकदा पाहायची शिल्लक रोज पाहावी लागते. खातेदाराच्या बाजूने नियम अगदी रास्त आहे. त्याची किंमत रात्रीच्या तासांत मोजावी लागते. त्यात हे व्याज निदान तिमाहीला तरी खात्यात जमा करावंच लागतं, म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या अखेरीला १ लाख २० हजार खात्यांत नोंद पडते. आपल्या बँकेत याला दोन तास दहा मिनिटं लागतात. वाजले अडीच. एप्रिल किंवा जुलैची अखेर जूनपेक्षा बरी जाते ती यामुळेच.

‘मग दोन्ही व्याजं एकदमच का लावत नाही?’ पदव्युत्तर शिक्षण घेऊन आलेले तरुण अधिकारी हे हमखास विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. ही दोन कामं बऱ्याच अंशी शेजारी शेजारी चालवता येतात आणि काही बँका चालवतातही. पुढच्या साखळीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. बचत खात्यात व्याज जमा झाल्यावरच कर्जाचा हप्ता वळता करायचा, कारण त्या चाळीस-पन्नास रुपयांमुळे एखाद्याचा हप्ता पूर्ण निघतो. हप्ते वळते झाल्यावरच कोण थकलं ते कळणार. कोण थकलं ते कळल्यावरच तरतूद किती करायची ते ठरणार. आणि तरतूद ठरल्याशिवाय नफा-तोट्याचा आकडा नाही, तो नाही तर ट्रायल बॅलन्स नाही. लगीनघरातल्या पंगतीसारखं आहे हे: वाढपी कितीही वाढवले, तरी भात शिजायच्या आधी वरण वाढून उपयोग नसतो.

या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा थकबाकीच्या तपासणीचा. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की कर्ज थकीत कधी झालं हे डे-एंडच्या प्रक्रियेतच ठरेल आणि ज्या तारखेचा डे-एंड चालवला तीच तारीख त्याला लागेल. हे परिपत्रक नागरी सहकारी आणि जिल्हा बँकांनाही लागू आहे. त्यात दिलेलं उदाहरणच पाहा. हप्त्याची तारीख ३१ मार्च. त्या तारखेचा डे-एंड चालायच्या आत पूर्ण पैसे आले नाहीत, तर खातं ३१ मार्चपासूनच थकीत. तसंच राहिलं तर ३० एप्रिलच्या डे-एंडला ते ‘एसएमए-१’, ३० मेच्या डे-एंडला ‘एसएमए-२’ आणि २९ जूनच्या डे-एंडला अनुत्पादक, म्हणजे एनपीए.

हा नियम येण्याआधी शाखांत ‘महिनाअखेरीला बघू’ अशी एक सवय होती. एनपीएची यादी महिन्याने किंवा तिमाहीने हाताने तयार व्हायची आणि तोपर्यंत कर्जदाराला गाठून खातं सावरून घेता यायचं. आता ते दार बंद झालं आहे, आणि माझ्या मते ते बंद झालं हेच योग्य. पण त्यामुळे डे-एंडवरची जबाबदारी वाढली. महिनाअखेरीला व्याज नावे पडल्यावर शेकडो कॅश-क्रेडिट खाती मंजूर मर्यादेच्या वर जातात आणि एका कर्जदाराचं एक खातं एनपीए झालं की त्याची बाकीचीही खाती त्याच वर्गात ओढावी लागतात. अशा खात्याचं आधी उत्पन्नात धरलेलं पण वसूल न झालेलं व्याज उलटं फिरवावं लागतं. ही तपासणी अर्धवट असताना काढलेला अहवाल नफाही चुकीचा दाखवतो आणि थकबाकीही.

आपल्या बँकेच्या घड्याळाकडे परत येऊ. हप्ते वळते होऊन सव्वातीन, तपासणी आणि तरतूद पावणेपाचला, खतावणी जुळून सव्वापाच. महिनाअखेरीची वेगळी प्रत जपून ठेवावी लागते, कारण लेखापरीक्षक आणि तपासनीस त्या तारखेचेच आकडे मागतात. ती निघेपर्यंत सव्वासहा, तारीख बदलून साडेसहा. आता अहवाल. साध्या दिवशी दीड तासात निघणारं हे काम त्या दिवशी सव्वातीन तास घेतं. मजकूर वाढलेला असतो हे एक कारण. दुसरं असं की आठनंतर त्याच यंत्रणेवर पेन्शनच्या याद्या, पासबुकं, खातेउतारे आणि मोबाइल ॲपवर शिल्लक पाहणाऱ्यांची गर्दी सुरू होते. पावणेदहाला अहवाल शाखांना जातो.

साध्या दिवशी दीडला तयार होणारा अहवाल पावणेदहाला झाला, म्हणजे काम प्रत्यक्षात सव्वाआठ तास मागे पडलं. शाखेला त्यातले पावणेतीनच तास दिसतात, कारण साडेपाच तास सातच्या मेलआधीच्या मोकळ्या वेळेने गिळले. आणि हे सगळं एकही बिघाड न होता.

‘बिघाड म्हणजे नेमकं काय होतं?’ बाहेरच्यांना वाटतं सर्व्हर बंद पडतो. तसं क्वचित होतं. नेहमी घडतं ते एखाद्या खात्याच्या माहितीमुळे. समजा, बँकेने दुचाकीसाठी सवलतीच्या दराची योजना काढली आणि व्याजदराच्या तक्त्यात तिची शेवटची तारीख २९ जून घातली. नंतर कोणता दर लावायचा, ते भरायचं राहून गेलं. ३० जूनच्या रात्री व्याज लावताना संगणकाला त्या खात्यासाठी दरच सापडत नाही. चांगल्या यंत्रणेत ते खातं बाजूला काढून नाकारलेल्यांच्या यादीत जातं आणि काम पुढे चालतं. साध्या यंत्रणेत काम तिथेच थांबतं. रात्री बारा वाजता ऑपरेटर सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला उठवतो, मग दर कोणी मंजूर करायचा यासाठी मुख्य कार्यालयातल्या अधिकाऱ्याला उठवावं लागतं. बटण दाबायला मिनिट लागतं, माणसं जमवायला तास.

थांबलेलं काम पुन्हा सुरू करणंही जपून करावं लागतं. संगणक नोंदी पाचशे-हजारांच्या गटाने पक्क्या करत जातो. नऊ हजार खात्यांना व्याज लागलेलं असताना सुरुवातीपासून पुन्हा चालवलं, तर त्या नऊ हजारांना दोनदा व्याज लागेल. हे टाळण्यासाठी प्रत्येक खात्यावर ‘शेवटचं व्याज कोणत्या तारखेपर्यंत लावलं’ याची खूण असते आणि ती पाहूनच पुढचं काम होतं. तरीही जाणता ऑपरेटर काम संपल्यावर बेरीज जुळवतोच: व्याज लागलेली खाती, व्याज न लागणारी खाती आणि नाकारलेली खाती मिळून १४ हजार भरली पाहिजेत. तीन कमी भरली तर ती सापडेपर्यंत पुढचं पाऊल नाही. हा अर्धा तास शाखेला उशीर म्हणून दिसतो. मला तो त्या रात्रीचा सर्वांत नीट वापरलेला अर्धा तास वाटतो.

‘मोठा सर्व्हर घेतला तर?’ संचालक मंडळाच्या बैठकीतही हा प्रश्न येतो. फायदा होतो, पण अपेक्षेइतका नाही. काम शाखांच्या गटांत वाटून आठ धारांनी एकाच वेळी चालवता येतं. पण अशा बहुतेक बँकांत मूळ गावची मुख्य शाखाच इतकी मोठी असते की जवळपास तीसेक टक्के खाती तिथेच असतात. सात धारा चाळीस मिनिटांत मोकळ्या होतात आणि आठवी मुख्य शाखेची खाती ओढत राहते. तिथे सर्व्हरच्या आकाराने फारसा फरक पडत नाही, त्या शाखेचीच खाती तीन-चार भागांत तोडून वाटावी लागतात. त्यासाठी पैसा कमी लागतो, विचार जास्त.

जुने कर्मचारी आणखी एक गोष्ट विचारतात: ‘पंधरा वर्षांपूर्वी हीच बँक, हेच सॉफ्टवेअर, तेव्हा कसं वेळेत व्हायचं?’ तेव्हा रात्र खरोखर रिकामी असायची. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झाली, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून आणि यूपीआयला तर २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून रात्र-दिवस माहीतच नाही. पूर्वी डे-एंड चालू असताना यंत्रणेचं तोंड बंद करून ठेवता यायचं. आता व्याज लागत असतानाच बाहेर कोणी चहाचे वीस रुपये फोनवरून देत असतो. ते व्यवहार नाकारता येत नाहीत, म्हणून ते बाजूच्या नोंदीत पुढच्या तारखेने घेतले जातात आणि डे-एंड संपल्यावर खात्यांत उतरवले जातात. रात्री साडेअकराचा व्यवहार पासबुकात दुसऱ्या दिवशीच्या तारखेने दिसतो तो यामुळे. त्यावरून काउंटरवर होणाऱ्या वादाला हे उत्तर देता येईल. महिनाअखेरीला हप्ता भरणाऱ्या ग्राहकालाही हे आवर्जून सांगायला हवं की शेवटच्या रात्रीवर विसंबू नका.

महिनाअखेर रविवारी आली तर? तर अहवाल चक्क लवकर येतो. शाखा उघडलेल्याच नसतात, त्यामुळे संध्याकाळच्या उशिराचा प्रश्न निघतच नाही, पगाराच्या याद्याही आधीच्या कामाच्या दिवशी येऊन गेलेल्या असतात. व्याजाचं काम तेवढंच असतं, पण ते रात्री लवकर सुरू करता येतं. आणि सर्वांत मोठी रात्र, ३१ मार्चची, तिच्याबद्दल फारसे फोन येत नाहीत, कारण १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंदच असतात. काम सगळ्यांत जास्त, आणि तक्रार नाही. उशीर म्हणजे शेवटी काउंटर उघडण्याच्या वेळेशी असलेलं अंतर.

राहिला एक व्यवहाराचा प्रश्न, जो शाखेने विचारायलाच हवा आणि फार थोडे विचारतात: ‘आलेला अहवाल खरा आहे हे ओळखायचं कसं?’ फोनांचा मारा झाला की एखादा वैतागलेला ऑपरेटर काम पूर्ण व्हायच्या आत अहवाल काढून पाठवतो. तो वेळेवर येतो, दिसायला नेहमीसारखाच असतो आणि चुकीचा असतो. म्हणून आधी मथळा पाहावा. तिथे दोन वेळा छापलेल्या असतात, अहवाल कोणत्या तारखेचा आणि काढला कधी. एक तारखेला हातात आलेल्या अहवालावर ‘३० जूनअखेर’ असं असून तो पहाटे दोनला काढलेला असेल, तर आपल्या बँकेत तो पूर्ण असूच शकत नाही.

दुसरी खूण शाखाधिकाऱ्याला कागदावर दोन ओळींत तपासता येते. समजा, शाखेची कर्जं २० कोटी आणि सरासरी दर ११ टक्के. जूनचं तीस दिवसांचं व्याज होतं सुमारे १८ लाख ८ हजार रुपये. ३० तारखेच्या संध्याकाळी संगणकावर दिसलेली कर्जाची बाकी आणि सकाळच्या अहवालातली बाकी यांत या आकड्याच्या आसपास वाढ दिसली पाहिजे, रात्री वळते झालेले हप्ते वजा जाता. दोन्ही बाक्या अगदी सारख्या असतील, तर व्याज लागायच्या आत अहवाल काढला गेला. वाढ ३६ लाखांच्या घरात असेल, तर व्याज दोनदा लागलं असण्याची शंका घ्यावी आणि कोणत्याही ग्राहकाला उतारा देण्याआधी मुख्य कार्यालयाला कळवावं.

पूर्ण अहवालासाठी सगळंच थांबवून ठेवायची मात्र गरज नसते. सकाळी साडेआठला रोकड हवी की नको एवढंच ठरवायचं असतं, आणि तिजोरीतली व एटीएममधली शिल्लक रात्रीच्या व्याजामुळे बदलत नाही. ती शाखा बंद होतानाच पक्की झालेली असते. मुख्य कार्यालयाने महिनाअखेरीला रोकडीचं आणि मुदत संपलेल्या ठेवींचं एक पान आधी पाठवावं, त्यावर ‘तात्पुरता’ असा ठळक शिक्का असावा आणि कर्ज-थकबाकीचे आकडे त्यात मुळीच नसावेत. ज्या बँका हे करतात तिथे एक तारखेचे निम्मे फोन बंद होतात. ज्या करत नाहीत त्यांना अडचण तंत्रज्ञानाची नसते, ‘अहवाल एकच असतो’ या सवयीची असते.

शाखांनीही तीन गोष्टी कराव्यात. पगाराची यादी कारखान्याकडून आदल्या दिवशी मागून घ्या आणि पुढची तारीख टाकून भरून ठेवा, म्हणजे चुकलेले खाते क्रमांक आधीच सापडतील. पिग्मी एजंटांना शेवटच्या दिवशी सातपर्यंत यंत्र उतरवायला सांगा. त्यानंतर जमलेली रक्कम पुढच्या दिवशी उतरवली, तर एजंटाने दुकानदाराला दिलेल्या पावतीची तारीख आणि खात्यातली तारीख वेगळी पडेल, म्हणून सातनंतर त्याने फिरूच नये. आणि पास करणाऱ्या अधिकाऱ्याने निघण्याआधी न पास झालेल्या नोंदींची यादी एकदा उघडून पाहावी. ती रिकामी दिसली, की मगच गाडीला किल्ली लावा.